सोबत : वरीलप्रमाणे

बुलढाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर मी एकवीस वर्षं बसलो. आस्थापना म्हणजे नेमणुका, रजा, बदल्या, सेवापुस्तकं. माणूस नोकरीला लागल्यापासून घरी जाईपर्यंत त्याचे जे कागद होतात, ते सगळे माझ्या हाताखालून जायचे. आमच्या खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयांतून फोन यायचे, "भाऊ, जरा मसुदा पाहून द्या ना," आणि मी पाहून द्यायचो. फुकट नाही बरं का. आधी झाडायचो, मग द्यायचो. बोलायला आम्ही वऱ्हाडी असलो तरी कागदावर माझं मराठी कडक होतं आणि त्याचा मला माज होता. आता लपवून काय करू?

विशेष करून सोबत जोडलेल्या कागदांच्या वाक्यावर माझा डोळा असायचा. लोकांना वाटतं, हे पत्रातलं सगळ्यात फालतू वाक्य. शेवटी येतं, सवयीनं येतं, कोणी वाचत नाही. मी म्हणायचो, बाबांनो, बाकीचं पत्र साहेबासाठी असतं, हे एक वाक्य बाबूसाठी असतं, आणि काम बाबू करतो. समोरचा बाबू त्या वाक्यावरून ठरवतो की किती कागद आले पाहिजेत. अहवाल जोडला आहे म्हटलं तर एक, अहवाल जोडले आहेत म्हटलं तर एकाहून जास्त. 'अहवाल' शब्द दोन्हीकडे तोच राहतो, आकडा फक्त क्रियापद सांगतं. प्रत जोडली आहे, प्रती जोडल्या आहेत. प्रमाणपत्र जोडले आहे, प्रमाणपत्रे जोडली आहेत. आणि 'माहिती जोडली आहे' असं लिहिलं की संपलंच. माहिती एक पान असली तरी जोडली आहे, शंभर पानं असली तरी जोडली आहे. म्हणून मी सांगायचो, आकडा लिहा. दोन फाईली, पहिली अमुक, दुसरी तमुक. इंग्रजीत लिहायचं तर फाईल की फाईल्स ते बघा, आणि त्यापुढेही आकडा टाका.

हे सगळं मी प्रशिक्षणात शिकवायचो. कागदांऐवजी मेल सुरू झाले तेव्हा तालुक्यातल्या लिपिकांना वर्षातून एकदा बुलढाण्याला बोलवायचे आणि दोन तास माझ्या ताब्यात द्यायचे. भिंतीवर पडदा लावून मी लोकांचेच जुने मेल दाखवायचो आणि त्यांची बिनपाण्यानं करायचो. हसायचे सगळे. ज्याचा मेल असेल तो सोडून.

त्यातच ती एकदा सापडली. संग्रामपूरकडच्या आमच्या कार्यालयातली लिपिक, माहेर जानेफळचं, सासर रोहिणखेडचं. तिनं अमरावतीच्या विभागीय कार्यालयाला केलेला मेल मी पडद्यावर लावला. त्यात लिहिलं होतं, सोबत माहिती जोडली आहे, आणि जोडल्या होत्या तीन फाईली. मी विचारलं, बाई, किती हे कोणी मोजायचं, अमरावतीच्या बाबूनं की तुमच्या सासूनं? हॉल हसला. तीही हसली, पण मान खाली घालून. मग शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर तिनंच हात वर केला. म्हणाली, पत्राच्या खाली आपण 'सोबत : वरीलप्रमाणे' लिहितो, पण वर मजकुरात काहीच नमूद नसलं तर? प्रश्न बरोबर होता. पण मी स्वतः वर्षानुवर्षं तेच लिहीत होतो. मी म्हणालो, "वर देव असतो बाई, तो बघतो." पुन्हा हॉल हसला आणि चहा आला.

तो विनोद आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर तीनेक वर्षांनी तिच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या. रोहिणखेडला त्यांचा मळा. वांगी, मेथी, मिरची, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर; रोज पहाटे माल मोताळ्याला. चांगला धट्टाकट्टा माणूस. पाय सुजायला लागले तेव्हा उभं राहून राहून सुजले असतील म्हणाले, आणि कळलं तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं. डायलिसिस बुलढाण्याला. बायकोची नोकरी जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या जिल्ह्यात ज्यानं एसटीचा प्रवास केला त्यालाच कळेल हे काय आहे ते. दोन ठिकाणी गाडी बदलायची, मग राजूरचा घाट चढायचा, तेव्हा बुलढाणा. बुलढाण्याला रेल्वे नाही. ती सुट्या काढकाढून त्याला घेऊन यायची. अर्जित रजा संपली, वैद्यकीय संपली, मग बिनपगारी सुरू झाली. तिचे रजेचे अर्ज माझ्याकडंच यायचे, म्हणून मला सगळं माहीत होतं.

त्या वर्षी बुलढाण्यात आमच्या कार्यालयात लिपिकाची एक जागा रिकामी होणार होती. एकच. बदलीचा अधिकार आमच्या साहेबांना नव्हता, तो अमरावतीच्या विभागीय कार्यालयाला. आम्ही फक्त प्रस्ताव पाठवायचा. जोडीदाराला असा आजार असेल आणि वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र असेल, तर त्या कर्मचाऱ्याचं नाव वरच्या गटात धरायचे. प्रमाणपत्र नसेल तर ते साध्या विनंतीच्या रांगेत, नोकरीच्या वर्षांप्रमाणे. तिच्या नोकरीची वर्षं कमी होती. म्हणजे सगळं त्या प्रमाणपत्रावर होतं. ते असलं तर जागा तिची, नसलं तर नाही. आणि जागा मिळाली तर ती बुलढाण्यात एखादी खोली घेऊन नवऱ्याला दवाखान्याजवळ ठेवणार होती. एवढंच मागणं होतं तिचं.

प्रमाणपत्र मिळायलाच किती खेटे घातले तिनं. शेवटी हातात आलं ते प्रस्तावाच्या शेवटच्या दिवशी सकाळी. त्या वर्षी अमरावतीनं स्पष्ट कळवलं होतं, कागद टपालानं पाठवू नका, फक्त मेलनं, कार्यालय सुटेपर्यंत आलं तेच धरू. ती अकराच्या सुमारास माझ्या टेबलापुढं उभी राहिली. एका प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज, दुसऱ्या पिशवीत प्रमाणपत्र. दोन पिशव्या काऊन, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, एक भिजली तर दुसरी राहावी म्हणून. एप्रिलच्या उन्हात काय भिजणार होतं कोण जाणे. तिच्या नवऱ्याला सकाळीच दवाखान्यात लावलं होतं, तीनला त्याला काढणार होते. तिनं विचारलं, थांबू का भाऊ, मेल जाईपर्यंत? मी म्हणालो, "बाई, तुमी जा. माझ्या हातून कागद गेला म्हणजे पोचला समजा."

तिनं वाकून नमस्कार केला. मीही करू दिला.

पत्र मी तासाभरात तयार केलं. तयार केलं म्हणजे काय, मागच्या वर्षीचा बदलीचा प्रस्ताव उघडला, नाव बदललं, गाव बदललं. मजकूर तोच, सदर कर्मचाऱ्याचा विनंती बदलीचा प्रस्ताव यासोबत सादर करण्यात येत आहे. तळाशी डाव्या बाजूला तेच, सोबत : वरीलप्रमाणे. वर प्रमाणपत्राचा उल्लेख नाही, पानं किती ते नाही. पण आम्ही सगळे असंच करतो. कोणताही सरकारी कागद नव्यानं जन्माला येत नाही, तो जुन्याच्या पोटातून निघतो. साहेब जिल्हाधिकारी कार्यालयात बैठकीला गेले होते, ते आले सव्वाचारला. सही झाली. मग स्कॅनिंग. पत्र आणि अर्ज मी एका फाईलीत घेतले. प्रमाणपत्र त्यातच घ्यायला गेलो तर फाईल जड झाली आणि मशीन अडकलं, म्हणून ते वेगळं घेतलं. झाल्या दोन फाईली.

आता मेल. तालुक्यातले मराठीत लिहीत असले तरी माझ्या मेलचा मजकूर अजून इंग्रजीतच असायचा. सुरुवातीला कार्यालयातल्या संगणकांवर मराठी धड उमटत नव्हतं, तेव्हा लागलेली सवय. माझी स्वतःची सवय अशी की नवा मेल मी कधीच लिहीत नसे. अमरावतीला गेलेला शेवटचा मेल काढायचा, तोच पुढं पाठवायला घ्यायचा, विषय बदलायचा, जुनी फाईल काढून नवी लावायची. मजकूर आयता मिळतो आणि वेळ वाचतो. शेवटचा मेल होता दरमहा रिक्त पदांचा तक्ता पाठवतो त्याचा. एकच फाईल असायची त्याला. मजकूर एका ओळीचा, प्लीज फाइंड अटॅच्ड फाईल. मी विषय बदलला, तक्ता काढला, दोन्ही फाईली लावल्या आणि पाठवून दिला. ती ओळ तशीच राहिली. एक फाईल.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय म्हणू?

पाठवल्यावर फोन करायचा रिवाज आहे, तोही मी पाळला. अमरावतीच्या बाबूला विचारलं, मेल आला का? तो म्हणाला, आला. मी म्हणालो, बरं झालं. इतकंच. दोन्ही फाईली उघडल्या का, प्रमाणपत्र दिसतं का, हे विचारायला माझी जीभ झिजत नव्हती. पण मला वाटलं, माझ्या मेलबद्दल काय विचारायचं.

तीन आठवड्यांनी आदेश निघाले. यादी मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. वैद्यकीय कारणाच्या गटात तिचं नावच नव्हतं. साध्या विनंतीच्या गटात होतं, बरंच खाली, आणि पुढं शेरा, पद रिक्त नसल्याने विचार करता येत नाही. बुलढाण्याची जागा मेहकरकडच्या एका कर्मचाऱ्याला गेली होती आणि तो दुसऱ्या दिवशी हजरही झाला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. त्याच्यावर राग तरी कसा काढू?

राग काढायला मी अमरावतीला फोन लावला. आधी चार शब्द सुनावले, आम्ही प्रमाणपत्र पाठवलं आणि तुम्ही बघितलंही नाही म्हणालो. तो बाबू भला माणूस होता. तो म्हणाला, थांबा भाऊ, काढतो मेल. कळफलकाचा आवाज येत राहिला.

"आहे भाऊ," तो म्हणाला. "खाली दुसरी फाईल आहे. मी आज उघडून राह्यलो ती."

मग त्यानं सांगितलं की शेवटच्या दिवशी पाच जिल्ह्यांचे मेल आले, नेट रांगत होतं. त्यांच्याकडं पद्धत अशी की मेलची ओळ वाचायची आणि तिथं म्हटलंय तेवढं उतरवून छापून घ्यायचं. छापलेलंच पुढं जातं, मेल पुढं जात नाही. माझ्या ओळीत एक फाईल होती, त्यानं एक काढली. पहिली. त्यात पत्र आणि अर्ज दोन्ही होते, म्हणून त्याला काही कमी वाटलं नाही. तरी खात्री करावी म्हणून त्यानं पत्राच्या तळाशी सोबतच्या कागदांची यादी पाहिली, तर तिथं वरीलप्रमाणे. वर पाहिलं, तर काहीच नाही. तो म्हणाला, यादीत प्रमाणपत्र असं लिहिलं असतं तर मी शोधलं असतं भाऊ, आईची शप्पथ.

त्यानं जे केलं तेच करायला मी शेकडो लिपिकांना शिकवलं होतं. ओळ वाचा आणि तेवढे कागद मोजा.

आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुमची काही चूक नाही, दोन फाईली लावल्यात ना, त्यांनी बघायला पाहिजे होतं. आणि चुकीचं वगैरे कुठं लिहून देऊ नका. मी फेरविचाराचं पत्र केलं. त्या पत्राला जी यादी लावली ती काय सांगू तुम्हाला. एक, अर्ज, पानं दोन. दोन, वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, पान एक. तीन, पूर्वीच्या मेलची छापील प्रत, पान एक. मजकुरातही लिहिलं, तीन कागदपत्रे स्वतंत्र तीन फाईल्समध्ये जोडली आहेत. बैल गेला आणि झोपा केला. महिन्यानं उत्तर आलं की जागा भरली आहे, मूळ मेलमध्ये एकच फाईल जोडल्याचे नमूद असल्याने या कार्यालयाचा दोष नाही, पुढील वर्षी विचार करण्यात येईल.

तिला मी काय सांगितलं? सांगितलं की अमरावतीनं घेतलं नाही. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. फोनवर ती म्हणाली, "हाव भाऊ. तुमी तं केलं तुमच्याकडून." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी डबा उघडला नाही.

पुढचे महिने कसे गेले ते मी रजेच्या अर्जांवरून बघत होतो. पावसाळ्यात ती तीनपैकी दोनदा येऊ शकायची, पुढं एकदाच. बिनपगारी रजा तरी किती देणार, तिच्या साहेबांनीही कारणे दाखवा नोटीस काढली. नवरा मग एकटाच यायला लागला. रोहिणखेडहून मोताळा, मोताळ्याहून घाट चढून वर, आणि चार तास मशीनला लागून पुन्हा तसंच खाली. डायलिसिस झालेल्या माणसाला उभं राहवत नाही आणि एसटीत जागा मिळाली तर मिळाली.

एकदा तो कार्यालयात आला. मी ओळखलंच नाही. अंगावरचं मांस गेलेलं, रंग काळा पडलेला, डाव्या हातावर पट्टी. टेबलावर एक थैली ठेवली. वांगी आणि सांबार. मळा आता भाऊ बघतो म्हणाला, पण हे मी स्वतः तोडलं. तुमी आमच्यासाठी खटपट केली, बायको सांगते, म्हणून आलो म्हणाला. मी म्हणालो, बसा, चहा घ्या. त्याला चहा मोजून, पाणी मोजून. त्यानं दोन घोट घेतले आणि पुढच्या वर्षी तरी व्हईन ना भाऊ, असं विचारलं. मी म्हणालो, होईल. ती वांगी घरी नेली, बायकोनं भरली वांगी केली, मी ताट बाजूला सारलं. बायकोला कारण सांगितलं नाही. कोणालाच सांगत नव्हतो.

दिवाळीनंतर त्याच्या डायलिसिसच्या पाळ्या चुकायला लागल्या. एकदा गाडी चुकली, एकदा अंगात त्राण नव्हतं, एकदा भावाला मळ्यातून निघता आलं नाही. ऐन थंडीत, पौषात, लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या आणि छातीत पाणी भरलं. दवाखान्यात आणेस्तोवर घाटातच गेला. ती संग्रामपूरला होती. तिला फोन गेला तेव्हा ती कार्यालयात आवक नोंदवत होती, असं तिथल्या शिपायानं मला सांगितलं.

मी मातीला गेलो नाही. सर्दीचं निमित्त केलं.

महिन्याभरानं ती स्वतः आली. सेवापुस्तकात वारस म्हणून नवऱ्याचं नाव होतं, ते बदलून मुलीचं लावायचं होतं. हे काम माझ्याच टेबलाचं. कपाळ मोकळं, साडी तीच कार्यालयात नेसायची. अर्ज तिनं घरून लिहून आणला होता आणि तळाशी डाव्या बाजूला नीट लिहिलं होतं, सोबत : मृत्यू प्रमाणपत्र, एक प्रत. ते वाचलं आणि माझ्यानं राहवलं नाही. इतके महिने जे पोटात ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी तिला सांगितलं, बाई, अमरावतीनं काही केलं नाही, केलं ते मी. जुना मेल उचलून पाठवला, दोन फाईली लावल्या आणि एक लिहिली. पत्रातही प्रमाणपत्राचं नाव घातलं नाही. तुमची जागा माझ्या टेबलावर गेली.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मले माहीत व्हतं भाऊ," ती म्हणाली. "तो मेल मलेबी आला व्हता ना."

आणि मला आठवलं. संबंधित कर्मचाऱ्याला प्रत द्यायची आमची पद्धत, म्हणून तिचा पत्ता त्या मेलमध्ये मीच टाकला होता. स्वतःच्या हातानं.

ती सांगत गेली, हळू आवाजात, माझ्याकडं न बघता. त्या दिवशी नवऱ्याला दवाखान्यातून काढून ती एसटीत बसली होती, गाडी सुटायची होती. नवरा खिडकीशी, डोकं तिच्या खांद्यावर. फोन वाजला म्हणून तिनं मेल उघडला. खाली दोन फाईली दिसल्या आणि वर ओळीत एक. तिला तेव्हाच खटकलं. मी विचारलं, किती वाजले होते? पावणेपाच, ती म्हणाली. म्हणजे अमरावतीचं कार्यालय सुटायला पाऊण तास होता. दुसरा मेल टाकायला एक मिनिट लागतं.

"मी मेसेज लिवला व्हता तुमाले," ती म्हणाली. "'भाऊ, फाईली दोन हायत, मेलात एकच लिवली.' मंग पुसून टाकला. म्हटलं भाऊले राग येईन. आन् भाऊनं लिवलं म्हंजे काही तरी कारण असंनच."

मी तिला सांगणार होतो की नाही बाई, मला राग आला नसता, मी लगेच दुरुस्त केलं असतं. तोंडाशी आलं होतं. पण ते मी बोलू शकलो नाही, कारण त्या दिवशी पावणेपाचला तिचा मेसेज आला असता तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला शब्दन् शब्द माहीत आहे. मी लिहिलं असतं, "बाई, आता तुम्ही मला मेल लिहायला शिकवणार का?" आणि फोन उलटा ठेवून चहाला गेलो असतो.

तिचा अर्ज मी घेतला, आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. तिला परतीची गाडी धरायची होती. मी जागेवरून उठलो नाही, तिनंच दार लोटून घेतलं.